पैसे कापले गेले, पण पोहोचले नाहीत : हेल्पलाइनला फोन लावण्याआधी

बँकेच्या तक्रार कक्षात फोन घेणाऱ्या माणसासमोर संगणकावर एक रिकामी चौकट असते. त्या चौकटीत काहीतरी टाकल्याशिवाय त्याला पुढचं काहीच दिसत नाही. फोनवरचा ग्राहक घाबरलेला असतो, त्याच्या खात्यातून पैसे कापले गेलेले असतात आणि त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट तेवढीच असते. मी त्या खुर्चीवर बसून काम केलेलं आहे. ‘काका, व्यवहाराचा नंबर सांगता का?’ असं विचारलं की पलीकडून हमखास उत्तर यायचं, ‘अहो ताई, नंबर कसला? पैसे गेलेत माझे, ते बघा आधी.’ काकांचं काहीच चुकत नव्हतं. पण नंबराशिवाय मला त्यांचे पैसे शोधता येत नव्हते, कारण त्याच संध्याकाळी त्याच बँकेतून त्याच रकमेचे कितीतरी व्यवहार झालेले असायचे.

हा लेख यूपीआयच्या अडकलेल्या व्यवहाराबद्दल आहे. मदत मागण्याआधी काय गोळा करायचं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तारीख, संदर्भ क्रमांक, स्क्रीनशॉट आणि फोनचा प्रकार या चारही गोष्टी इथे कामाला येतात, आणि प्रत्येक का लागते याला ठोस कारण आहे.

ते कारण पैशाच्या प्रवासात आहे. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, यूपीआय सुरू केलं. तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकता तेव्हा तुमचं अ‍ॅप तो निरोप एनपीसीआयकडे पोहोचवतं. एनपीसीआय तुमच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते. वजा झाल्याचा होकार आला की ती समोरच्याच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते. तिथून होकार आला की दोन्ही अ‍ॅपना ‘झालं’ असं कळवलं जातं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून आपल्याला ते एकच काम वाटतं. प्रत्यक्षात वजा होणं आणि जमा होणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या बँकांच्या यंत्रणांनी केलेली.

त्यामुळे व्यवहार तीन ठिकाणी अडकू शकतो. पहिला प्रकार म्हणजे रक्कम वजाच झाली नाही. पिन चुकला, शिल्लक कमी पडली किंवा तुमच्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी बंद होती. दुसरा प्रकार म्हणजे वजा झाली, पण समोरच्या बँकेकडून जमा झाल्याचा होकार वेळेत आला नाही. तिसऱ्या प्रकारात वजाही झाली आणि जमाही झाली, फक्त दुकानदारापर्यंत ती बातमी पोहोचली नाही, कारण त्याच्या साउंडबॉक्सला रेंज नव्हती. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही वेळा जवळपास एकच दृश्य दिसतं. साउंडबॉक्स वाजत नाही आणि दुकानदार म्हणतो, ‘आलं नाही हो अजून.’ पहिल्या प्रकारात तक्रारीची गरजच नसते. दुसऱ्यात बँकेकडे जावं लागतं. तिसऱ्यात दुकानदाराचंच अ‍ॅप उघडून बघावं लागतं. आपलं प्रकरण यातलं कोणतं आहे हे कळण्यासाठीच माहिती गोळा करायची असते.

बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण इथे घेते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण क्रम तोच आहे. १८ जून २०२५, बुधवार. पेरणीची घाई. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास त्यांनी कृषी सेवा केंद्रातून बियाणं आणि खत घेतलं, काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला आणि ४,८५० रुपये भरले. चक्र फिरत राहिलं. मग पडद्यावर व्यवहार प्रक्रियेत असल्याचा संदेश आला. तेवढ्यात बँकेचा एसएमएस आला, ४,८५० वजा. साउंडबॉक्स गप्प. मागे रांग होती, म्हणून त्यांनी रोख पैसे देऊन माल उचलला आणि घर गाठलं.

एसएमएस आला म्हणजे पहिला प्रकार बाद झाला. आता दुसरा की तिसरा, एवढंच ठरवायचं होतं. ते ठरवता येतं एका बारा आकडी संख्येवरून.

ही संख्या म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. बँकेतली माणसं तिला आरआरएन म्हणतात. अ‍ॅपमध्ये ती वेगवेगळ्या नावांनी दिसते आणि गोंधळ नेमका इथे होतो. कुठे तिच्यावर UTR लिहिलेलं असतं, कुठे UPI Ref No., तर कुठे UPI transaction ID. त्याच पडद्यावर आणखी एक लांबलचक क्रमांकही असतो. फोनपेमध्ये तो T अक्षराने सुरू होतो, गुगल पेमध्ये तो अक्षरं आणि आकडे मिसळलेला Google transaction ID असतो. हा लांब क्रमांक त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या वहीतला आहे. अ‍ॅपच्या मदत केंद्राशी बोलताना तो उपयोगी पडतो, पण बँकेला तो दिला तर तिला काहीच सापडत नाही. बारा आकडी क्रमांक मात्र तुमची बँक, एनपीसीआय आणि समोरची बँक या तिघांच्याही नोंदीत असतो. म्हणून दोन्ही लिहून घ्यावेत आणि बँकेशी बोलताना बारा आकडी क्रमांक आधी सांगावा.

या शेतकऱ्याचा क्रमांक समजा 516920483716 असा होता. अशा क्रमांकांची रचना अनेकदा वाचता येते. पहिला आकडा ५ म्हणजे २०२५ सालातला शेवटचा ५. पुढचे तीन आकडे १६९, म्हणजे वर्षाचा १६९वा दिवस. मोजून बघितलं तर १८ जूनच येतो. सगळ्याच क्रमांकांना हा नियम लागू पडत नाही, काही ठिकाणी हल्ली क्रमांक सरमिसळ करून दिले जातात. तरीही पडताळणीला याचा उपयोग होतो. कोणी घाईत मागच्या महिन्यातल्या वेगळ्याच व्यवहाराचा क्रमांक वाचून दाखवत असेल, तर सुरुवातीच्या चार आकड्यांवरून ते लगेच लक्षात येतं. तक्रार कक्षातली अनुभवी माणसं आकडे ऐकता ऐकताच विचारतात, ‘हा जूनमधला व्यवहार ना?’ त्यामागचं गुपित एवढंच.

क्रमांक अ‍ॅपमध्ये दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. बँकेच्या एसएमएसमध्ये तो बहुधा असतो. तिथेही नसेल तर खात्याचं स्टेटमेंट काढावं. अनेक बँकांच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयच्या ओळीची सुरुवात अशी असते:

```
UPI/DR/516920483716/
```

DR म्हणजे नावे, म्हणजे तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम. CR म्हणजे जमा. मधे तोच बारा आकडी क्रमांक असतो. स्टेटमेंट पीडीएफमध्ये असेल तर त्यात हा क्रमांक शोधून बघावा. तो एकदाच सापडला तर रक्कम अजून बाहेर आहे. दोनदा सापडला, एकदा नावे आणि एकदा जमा, तर पैसे कधीच परत आलेले आहेत आणि तुमच्या नजरेतून ते सुटलं आहे. हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा घडतं. शिल्लक किती आहे एवढंच माणूस बघतो. मधल्या काळात दुधाचं बिल जमा झालेलं असतं, विजेचं बिल गेलेलं असतं, आणि ४,८५० ची परत आलेली नोंद त्या आकड्यांत मिसळून जाते. पैसे परत आलेल्या व्यवहाराची तक्रार करण्यात दोन्ही बाजूंचा अर्धा तास जातो.

क्रमांक हातात आल्यावर त्या शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दुकानदाराला त्याच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये बघायला सांगितलं. बँक खात्यात बघून इथे उपयोग नसतो. बऱ्याच दुकानांची दिवसभराची क्यूआरची रक्कम एकत्र करून एकाच मोठ्या नोंदीने खात्यात जमा होते, त्यात ४,८५० वेगळे दिसत नाहीत. व्यापारी अ‍ॅपमध्ये मात्र प्रत्येक व्यवहार वेगळा दिसतो. तिथे १८ जूनच्या संध्याकाळच्या नोंदी पाहिल्या, हा क्रमांक सापडला नाही. सापडला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. रोख आणि यूपीआय असे दोनदा पैसे दुकानदाराकडे आले आहेत हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं आणि रोख परत केली असती. सापडला नाही म्हणजे दुसरा प्रकार. वजा झालं, जमा नाही. आता बँक.

इथे तारखेचा प्रश्न येतो. तारीख नुसत्या नोंदीसाठी लागत नाही, तिच्यापासून घड्याळ सुरू होतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पैसे पाठवले, वजा झाले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटमध्ये, रक्कम वजा होऊनही व्यापाऱ्याला पुष्टी मिळाली नाही, तर ही मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. म्हणजे १८ जूनच्या या व्यापारी पेमेंटसाठी २३ जून ही शेवटची तारीख. तीच रक्कम त्यांनी भावाच्या नंबरवर पाठवली असती तर १९ जून.

म्हणून समोरचा व्यापारी होता की व्यक्ती, हेही लिहून ठेवावं लागतं. गावातल्या बऱ्याच छोट्या दुकानांत मालकाच्या स्वतःच्या खात्याचाच क्यूआर चिकटवलेला असतो. दुकान असलं तरी नोंद व्यक्तीची असते आणि मुदत बदलते. व्यवहाराच्या पडद्यावर समोरच्याचा जो यूपीआय आयडी दिसतो, @ चिन्ह असलेला पत्ता, तो जसाच्या तसा उतरवून घेतला की बँकेला ते ठरवता येतं.

तारखेबरोबर वेळही लिहावी, आणि ती अ‍ॅपमधून किंवा एसएमएसमधून घ्यावी. आठवणीतली वेळ भरवशाची नसते. रात्री बाराच्या आसपासच्या व्यवहारात हे विशेष महत्त्वाचं ठरतं. अ‍ॅपमध्ये तारीख १८ दिसते आणि स्टेटमेंटमध्ये १९, आणि तक्रारदार व कर्मचारी दोघंही वेगवेगळ्या दिवसाच्या याद्या चाळत बसतात. अशा वेळी दोन्ही तारखा लिहून कोणती कुठे दिसते ते सांगितलं की झालं.

आता स्क्रीनशॉट. गोळा करायच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत नाशवंत हीच. एसएमएस राहतो, स्टेटमेंट महिन्याभरानेही काढता येतं, पण पडद्यावर उमटलेला त्रुटीचा संदेश मागे जायचं बटण दाबलं की गेला. त्यामुळे काही अडलं की पहिलं काम स्क्रीनशॉटचं. त्या संदेशात बऱ्याचदा एक छोटा संकेत दडलेला असतो. U30 म्हणजे रक्कम वजाच होऊ शकली नाही, Z9 म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, ZM म्हणजे पिन चुकला. हा संकेत तक्रार कक्षातल्या माणसाला तुमच्या पाच वाक्यांपेक्षा जास्त सांगून जातो. ‘काहीतरी एरर आली’ या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही.

स्क्रीनशॉट पूर्ण असावा. वरची पट्टी, जिथे वेळ आणि नेटवर्कची खूण दिसते, ती कापू नये. व्यवहाराचा तपशील एका पडद्यात मावत नसेल तर खाली सरकवून दुसरा घ्यावा, कारण क्रमांक बहुतेक वेळा तळाशी असतात आणि लोक वरचा हिरवा किंवा लाल गोल तेवढा टिपतात. अँड्रॉइड फोनवर स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ असते, उदाहरणार्थ Screenshot_20250618-194712.png. तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून कोणाला पाठवली आणि तिथून पुन्हा उतरवून घेतली, तर नाव बदलतं, अक्षरं पुसट होतात आणि लहान आकडे वाचता येत नाहीत. ८ आणि ३ मध्ये फरक उरत नाही. मुलाला पुण्याला पाठवून त्याच्याकडून तक्रार करून घ्यायची असेल, आणि असं घरोघर चालतंच, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. शिवाय बारा आकडी क्रमांक खाली वेगळा टाइप करून द्यावा. चित्रातला क्रमांक समोरच्याला बघून बघून टाइप करावा लागतो, टाइप केलेला थेट उचलता येतो.

काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट निघतच नाही. पडदा काळा येतो किंवा परवानगी नसल्याचा संदेश येतो. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही, पैशाच्या अ‍ॅपमध्ये सुरक्षेसाठी ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. तेव्हा घरातल्या दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा, किंवा संदेश शब्दशः कागदावर लिहून घ्यावा. इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच. त्याचं मराठी करून सांगण्याच्या भरात नेमका महत्त्वाचा शब्द हरवतो.

स्क्रीनशॉट पाठवताना त्यात काय जादा दिसतंय तेही बघावं. शिल्लक, इतर व्यवहार, घरच्यांचे नंबर याची कोणाला गरज नसते. पण झाकताना फोनमधल्या पेनने काळी रेघ मारून काम भागत नाही. ते पेन अनेकदा अर्धपारदर्शक असतं, आणि चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. भरीव चौकोन टाकावा किंवा तो भाग सरळ कापावा. आणि एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट हा पैसे पोहोचल्याचा पुरावा धरला जात नाही. खोटी ‘पेमेंट सक्सेसफुल’ चित्रं बनवून दुकानदारांना गंडवण्याचे प्रकार सर्रास घडतात. त्यामुळे बँक चित्रावर विश्वास ठेवून निर्णय देत नाही, ती क्रमांकावरून स्वतःच्या नोंदी तपासते. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर यूपीआयची तक्रार नोंदवतानाही व्यवहार क्रमांक, बँक, रक्कम, तारीख यांच्याबरोबर बँकेच्या स्टेटमेंटची प्रत मागितली जाते, ती याचसाठी. वजा झाल्याची ओळ दिसेल एवढं पान पुरतं.

फोनचा प्रकार विचारला की अनेकांना तो टोलवाटोलवीचा प्रश्न वाटतो. पैसे बँकेत, मग फोन कोणता याचं काय? अडकलेल्या व्यवहारात त्याचं महत्त्व खरोखर कमी आहे. बार्शीच्या प्रकरणात मी तो विचारलाही नसता. पण पैसे जायलाच तयार नसतील, नोंदणीच होत नसेल किंवा मर्यादा ओलांडल्याचा संदेश येत असेल, तर उत्तर बरेचदा फोनमध्येच असतं.

यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिममधून एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून हा फोन व हे सिम तुमच्या बँक खात्याशी बांधले जातात. अँड्रॉइडमध्ये परवानगी दिली की अ‍ॅप तो स्वतः पाठवू शकतं. आयफोनमध्ये तशी मुभा नाही, तिथे संदेश तयार होऊन समोर येतो आणि पाठवण्याचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. एका फोनमध्ये दोन सिम असतील आणि संदेश दुसऱ्याच सिममधून गेला, तर नोंदणी फसते. रिचार्ज संपलेला असेल आणि एसएमएस जात नसेल, तरी फसते. इंटरनेट उत्तम चालू असतं, त्यामुळे माणसाला कारण लक्षात येत नाही. नवा फोन घेतला की पुढचा अडथळा येतो. नव्या फोनवर नोंदणी केल्यानंतर पहिले २४ तास यूपीआयने पाठवायची रक्कम ५,००० रुपयांपर्यंतच ठेवलेली असते, आणि अनेक बँकांत आयफोनसाठी हा काळ ७२ तासांचा आहे. चोराने तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून खातं रिकामं करू नये म्हणून हा अटकाव. नव्या आयफोनवरून दुसऱ्या दिवशी २०,००० जात नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने ‘आयफोन, काल घेतला’ एवढं सांगितलं की उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं. नाही सांगितलं तर समोरचा खातं, शिल्लक, बँकेची यंत्रणा असं सगळं तपासत बसतो.

म्हणून फोनबद्दल लिहून ठेवायचं ते इतकंच : कंपनी आणि मॉडेल, अँड्रॉइड की आयओएस आणि त्याची आवृत्ती, अ‍ॅपची आवृत्ती, बँकेत नोंदवलेला नंबर कोणत्या सिममध्ये आहे, आणि गेल्या दोनचार दिवसांत फोन, सिम किंवा पिन यातलं काही बदललं का. मॉडेल आणि आवृत्ती फोनच्या सेटिंग्जमध्ये About phone किंवा About खाली सापडतात. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा, आणि लोक तोच विसरतात.

काय द्यायचं नाही, तेही याच तयारीचा भाग आहे. यूपीआय पिन, ओटीपी, कार्डाच्या मागचा तीन आकडी क्रमांक यांची तक्रार सोडवायला कधीच गरज पडत नाही. फोनचा पडदा दुसऱ्याला दिसेल असं अ‍ॅप उतरवायला खरी बँक सांगत नाही. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगितलं तर फोन तिथेच ठेवावा, कारण पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नये. तिथे भामट्यांनी आपले नंबर बँकेच्या नावाने पेरून ठेवलेले असतात, आणि पैसे अडकल्यामुळे हवालदिल झालेला माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक. नंबर पासबुकावरून, डेबिट कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून घ्यावा.

आणि पैसे अडकलेले नसून कोणी लुबाडलेले असतील, तर वरची सगळी जुळवाजुळव बाजूला ठेवून आधी १९३० वर फोन करावा. तिथे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता मिनिटागणिक कमी होत जाते. क्रमांक आणि स्क्रीनशॉट नंतर cybercrime.gov.in वर जोडता येतात. त्याच वेळी बँकेलाही कळवावं. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ पासूनचा नियम आहे. इथेही कळवल्याची तारीख आणि वेळ लेखी असली पाहिजे.

बार्शीच्या शेतकऱ्याची तक्रार शेवटी ईमेलने गेली. तिचा मजकूर असा होता:

> विषय : यूपीआय व्यवहार, रक्कम वजा पण दुकानदाराला जमा नाही, 516920483716
>
> माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक दिले आहेत) १८ जून २०२५ रोजी संध्याकाळी ७.४६ वाजता ४,८५० रुपये यूपीआयने वजा झाले. क्यूआर स्कॅन करून व्यापाऱ्याला पेमेंट केले होते. व्यापाऱ्याचा यूपीआय आयडी स्क्रीनशॉटमध्ये आहे. अ‍ॅपमध्ये व्यवहार अजून प्रक्रियेत दिसतो. १९ जून रोजी व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तपासले, हा क्रमांक तिथे नाही. माझ्या स्टेटमेंटमध्ये आजपर्यंत परत जमेची नोंद नाही. रक्कम परत जमा व्हावी. सोबत : स्क्रीनशॉट दोन, स्टेटमेंटचे पान एक.

यात राग नाही आणि कहाणीही नाही. पेरणी, रांग, रोख दिलेले पैसे यातलं काही बँकेला तपासायला लागत नाही. जे तपासता येईल ते सगळं आहे. विशेषतः ‘व्यापाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये नाही’ आणि ‘परत जमेची नोंद नाही’ या दोन वाक्यांमुळे तक्रार कक्षाचे पहिले दोन प्रश्न विचारण्याआधीच मिटले. विषयात क्रमांक असल्यामुळे ईमेल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं तरी प्रकरण हरवत नाही.

तक्रार गेली की समोरून तक्रार क्रमांक येतो. तो व्यवहाराच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो आणि तोही तितकाच जपायचा. फोनवर तक्रार केली असेल तर फोन ठेवण्याआधी तो मागून घ्यावा, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव शेजारी लिहावं. उत्तर येईपर्यंत त्याच व्यवहाराची रोज नवी तक्रार नोंदवू नये. एकाच क्रमांकावर चार तक्रारी दिसल्या की त्या वेगवेगळ्या माणसांकडे जातात आणि नंतरच्या तीन ‘आधीच नोंद आहे’ म्हणून बंद होतात. पाठपुरावा त्याच क्रमांकावर, त्याच ईमेलच्या उत्तरात करावा.

या शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम २१ जूनला परत आली. दूध संघाचे पैसे त्याच दिवशी जमा झाले होते, त्यामुळे शिल्लक बघून त्यांना ते कळलं नव्हतं. स्टेटमेंटमध्ये तो बारा आकडी क्रमांक शोधल्यावर CR ची ओळ सापडली. मुदतीच्या आत आली म्हणून भरपाईचा प्रश्न उरला नाही. २५ जूनला आली असती तर २३ नंतरच्या दोन दिवसांचे २०० रुपये त्यांना मिळायला हवे होते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. २०२१ साली सगळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या आणि तेव्हापासून तक्रार cms.rbi.org.in वर गावात बसून करता येते, शुल्क लागत नाही. तिथे सर्वांत आधी विचारतात की बँकेकडे लेखी तक्रार कधी केली आणि तिची प्रत कुठे आहे. आधी बँकेकडे न जाता थेट आलेली तक्रार तिथे टिकत नाही. पहिल्या दिवशीचं ते ईमेल, त्याला आलेला तक्रार क्रमांक आणि स्टेटमेंटचं पान हे तिन्ही कागद त्यासाठी एका जागी ठेवावेत.